एकूण गुण सारखे, मग वर कोण? गणित, विज्ञान आणि शेवटी जन्मतारीख

प्रश्न: आमच्या संस्थेत दहावीच्या गुणांवर प्रवेश होतात. माहितीपुस्तिकेत लिहिलंय की एकूण गुण सारखे असतील तर गणिताचे गुण बघायचे, मग विज्ञानाचे, तेही सारखे असतील तर जन्मतारीख. यंदा चार जण ४४७ वर अडकलेत आणि जागा तीनच उरल्यात. एक्सेलमध्ये सॉर्ट केल्यावर २०४, ३११, २३७, ११८ असा क्रम आला. आता ३११ चे वडील म्हणतात, "गणित-विज्ञान मिळून माझ्या मुलीला जास्त आहेत, ती दुसरी कशी?" आणि ११८ चे वडील म्हणतात, "आमचा मुलगा वयाने मोठा आहे, तो बाहेर कसा?" आकडे खाली दिलेत. कोणाचं बरोबर? आणि मोठा वर घ्यायचा की लहान?

| अर्ज क्र. | एकूण (५०० पैकी) | गणित | विज्ञान | जन्मतारीख |
|---|---|---|---|---|
| ११८ | ४४७ | ९४ | ९२ | २३/०८/२००९ |
| २०४ | ४४७ | ९६ | ८८ | ३०/०९/२००९ |
| २३७ | ४४७ | ९४ | ९२ | ०५/११/२००९ |
| ३११ | ४४७ | ९४ | ९५ | २१/०२/२०१० |

उत्तर:

मुलीच्या वडिलांची हरकत टिकणार नाही. ११८ च्या वडिलांची टिकेल. बरोबर क्रम २०४, ३११, ११८, २३७ असा आहे, म्हणजे तिसरी जागा ११८ ची. तुमच्या एक्सेलने २३७ ला वर का टाकलं, तेही या तारखांवरून जवळपास नक्की सांगता येतं. त्याकडे येतोच, पण आधी मुलीच्या वडिलांचं बघू, कारण ही हरकत दरवर्षी कोणी ना कोणी घेतंच.

त्यांचा हिशेब चुकीचा नाही. मुलीचे गणित आणि विज्ञान मिळून १८९ होतात, २०४ चे १८४. पण नियमात कुठेही बेरीज नाही. नियम पायऱ्यांचा आहे. एकूण गुण सारखे निघाले की फक्त गणित बघायचं. तिथे फरक सापडला की निकाल लागला. विज्ञानाचा कागद उघडायचाच नाही. २०४ ला गणितात ९६, बाकी तिघांना ९४. त्यामुळे २०४ वर गेला आणि त्याच्या विज्ञानाच्या ८८ चा या यादीत कुठेही उपयोग झाला नाही. उरलेले तिघे गणितात पुन्हा सारखे, म्हणून त्यांच्यापुरतं विज्ञान उघडलं. तिथे मुलगी ९५ वर पुढे गेली. आता उरले दोघेच, ९४-९२ चे. जन्मतारीख फक्त या दोघांची बघायची. मुलगी चौघांत सर्वांत लहान आहे, पण तिचा निकाल विज्ञानावरच लागल्यामुळे तिची तारीख कोणी पाहिलीच नाही. पालकांना हे तोंडी सांगून पटत नाही. कागदावर चार नावं लिहावीत, ज्या पायरीवर जो सुटला त्याच्यापुढे ती पायरी लिहावी आणि कागद त्यांच्यासमोर ठेवावा. बहुतेक जण तिथेच शांत होतात.

बेरजेचा नियम हवा होता असं कोणाचं म्हणणं असेल, तर तो वाद पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेसाठी आहे. तसा नियम करता येतो आणि काही ठिकाणी असतोही. पण अर्ज मागवताना छापलेली पद्धत यादी लागल्यावर बदलता येत नाही. सरकारी भरतीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हेच सांगितलं, की प्रक्रिया सुरू झाल्यावर मध्येच निवडीचे नियम बदलता येत नाहीत, मूळ नियमांतच तशी मुभा असेल तर गोष्ट वेगळी. तो निकाल भरतीचा होता, प्रवेशाचा नाही. पण प्रवेश समितीनेही त्याच शिस्तीने वागावं, कारण कोणाचे गुण किती हे डोळ्यांसमोर असताना नियम बदलला, की तो कोणासाठी तरी बदलला असाच अर्थ निघतो.

गणिताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तुमचे एकूण गुण ५०० पैकी आहेत, म्हणजे राज्य मंडळाच्या मुलांचे तुम्ही बेस्ट ऑफ फाइव्ह धरता आहात. सहा विषयांतला सर्वांत कमी गुणांचा विषय त्यात गळतो, आणि तो गणितही असू शकतो. अशा मुलाच्या ४४७ मध्ये गणित धरलेलंच नसतं. तरीसुद्धा बरोबरी फोडताना गुणपत्रिकेवरचे गणिताचे गुणच घ्यायचे. "ज्याचं गणित गळालं त्याचा पुढचा विषय बघू" अशी सवलत नियमात नसेल तर द्यायची नाही. दुसरं म्हणजे क्रीडा आणि कला यांचे वाढीव गुण. ते एकूण गुणांत मिळवलेले असतात, विषयात नाहीत. ते एकूणात धरायचे की नाही हे पुस्तिकेत लिहिलेलं असायला हवं, कारण एका मुलाचे वाढीव गुणांसह ४४७ आणि दुसऱ्याचे त्याशिवाय ४४७ असले, तर ती बरोबरी मुळात आहे की नाही हाच प्रश्न असतो. अर्जाची छाननी करताना हे एका बाजूला लागलं, की पुढे सगळं सोपं जातं.

मोठा वर की लहान? प्रचलित रीत मोठ्याला वर घ्यायची आहे. भरतीत त्यामागे कारण सांगता येतं: मोठ्या उमेदवाराची वयोमर्यादा आधी संपते, त्याच्याकडे संधी कमी उरलेल्या असतात. दहावीनंतरच्या प्रवेशात ते कारण फारसं लागू पडत नाही. तिथे जन्मतारीख गुणवत्ता मोजत नाही, नुसती बरोबरी तोडते. ती निवडली जाते कारण ती आधीपासून ठरलेली असते, कागदावर असते आणि दोघांची सहसा वेगळी असते. तुम्ही पुस्तिकेत नुसतं "जन्मतारीख बघावी" असं लिहिलंय. एवढ्यावर भागत नाही. "वयाने ज्येष्ठ उमेदवारास प्राधान्य" असं स्पष्ट वाक्य हवं. यंदा तुम्ही रूढ अर्थाने, म्हणजे ज्येष्ठाला वर, असा तो नियम वाचावा आणि समितीच्या इतिवृत्तात तसा ठराव नोंदवावा. आधीच्या वर्षांच्या याद्यांत काय केलं होतं तेही काढून बघा. ते याच्याशी जुळलं की हरकतदाराला तेच दाखवता येईल.

वयाचा निकष सगळ्यांना पटतो असंही नाही. नीटच्या २०२० च्या निकालात शोएब आफताब आणि आकांक्षा सिंह दोघांनाही ७२० पैकी ७२० होते, आणि शोएब वयाने मोठा म्हणून देशात पहिला ठरला. त्यावर बरीच चर्चा झाली. २०२१ ला वयाचा निकष काढला गेला आणि त्या वर्षी ७२० मिळवणारे तिघे, त्यात महाराष्ट्राची कार्तिका नायरही होती, संयुक्तपणे पहिले आले. माझं मत विचाराल, तर क्रमांक जाहीर करायला संयुक्त पहिला ठीक आहे. पण जागा एकेकालाच द्यायची असते. जिथे जागा वाटायची तिथे कुठे तरी क्रम लावावाच लागतो, मग तो आधी छापलेल्या निकषाने लागलेला बरा.

आता २३७ आणि ११८.

११८ चा जन्म २३ ऑगस्ट २००९ चा, २३७ चा ५ नोव्हेंबर २००९ चा. अडीच महिन्यांनी ११८ मोठा आहे. एक्सेलने उलटं दाखवलं, कारण तुमच्या संगणकाची तारखेची मांडणी बहुधा अमेरिकी पद्धतीची आहे, म्हणजे आधी महिना, मग दिवस. अशा संगणकावर ०५/११/२००९ टाइप केलं किंवा सीएसव्ही फाइल उघडली, की एक्सेल ती ११ मे २००९ समजतं. तक्रार करत नाही, कारण ११ मे ही खरीखुरी तारीख आहे. २३/०८/२००९ मात्र त्याला वाचता येत नाही, कारण तेविसावा महिना नसतो. म्हणून ते तारीख न बनवता जसंच्या तसं मजकूर म्हणून ठेवून देतं. आता सॉर्टमध्ये तुम्ही `Oldest to Newest` निवडलं, तर एक्सेल चढत्या क्रमात आधी सगळे आकडे घेतं आणि मग मजकूर. एक्सेलच्या लेखी तारीख हा आकडाच असतो. त्यामुळे २३७ दोन कारणांनी वर गेला: त्याची तारीख नोव्हेंबरवरून मे झाली, आणि ११८ ची तारीख तारीखच राहिली नाही. यातली एकच चूक झाली असती तरी क्रम उलटाच लागला असता.

हे डोळ्यांनी ओळखता येतं. जन्मतारखेचा स्तंभ थोडा रुंद करा आणि मांडणी मध्यभागी केलेली असेल तर ती काढून टाका. खऱ्या तारखा उजवीकडे सरकतात, मजकूर डावीकडे राहतो. ज्यांचा दिवस १३ किंवा त्यापुढचा आहे त्या सगळ्या डावीकडे आणि १ ते १२ मधल्या सगळ्या उजवीकडे दिसल्या, की निदान झालं. आणखी एक खूण अशी, की तारीख बनलेल्यांचा पुढचा शून्य बहुधा गेलेला असतो. `05/11/2009` ऐवजी `5/11/2009` दिसतं. खात्रीसाठी शेजारच्या रिकाम्या स्तंभात हे टाकून खाली ओढा:

```
=ISNUMBER(E2)
```

एकही `FALSE` आला, तर तो स्तंभ सॉर्टला लायक नाही. पण सगळे `TRUE` आले म्हणून तारखा बरोबर आहेत असंही समजू नका. उलटलेली तारीखसुद्धा `TRUE`च दाखवते.

म्हणून उलटलेला स्तंभ तिथेच दुरुस्त करत बसू नये. काही तारखा हाताने भरलेल्या असतात, काही आधीच कोणीतरी सुधारलेल्या असतात, आणि कोणती उलटली नि कोणती मुळातच तशी होती हे फाइलवरून कळत नाही. मूळ फाइलकडे परत जावं. सीएसव्ही असेल तर ती दोनदा क्लिक करून उघडू नका. कोऱ्या वर्कबुकात `Data` मधून आत घ्या आणि जन्मतारखेचा स्तंभ आधी `Text` म्हणून येऊ द्या. सगळ्या तारखा दोन अंकी दिवस, दोन अंकी महिना, चार अंकी वर्ष अशा एकाच साच्यात असतील, तर शेजारी हे सूत्र द्या:

```
=DATE(RIGHT(E2,4),MID(E2,4,2),LEFT(E2,2))
```

मग तो स्तंभ `dd-mmm-yyyy` या स्वरूपात दाखवा, म्हणजे महिना अक्षरांत दिसेल. नोव्हेंबरचा मे झाला असेल तर तो अक्षरांत लगेच डोळ्यांत खुपतो, आकड्यांत नाही. पुढच्या वर्षीच्या अर्जात दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने ठेवलेत तर ही भानगडच उरणार नाही.

क्रमांक लावताना नुसत्या सॉर्टवर भिस्त ठेवू नये असं माझं सांगणं आहे. सॉर्ट केलेल्या यादीपुढे १, २, ३ ओढून दिले, की बरोबरी फुटली आहे की तशीच राहिली आहे हे कळायला मार्ग उरत नाही. दोन मुलं सगळ्या पायऱ्यांवर सारखी असली तरी एकाला ४० आणि दुसऱ्याला ४१ मिळतो, आणि त्यामागे फक्त अर्ज कोणत्या ओळीत होता एवढंच कारण असतं. त्याऐवजी क्रमांक सूत्राने काढा. एकूण गुण B मध्ये, गणित C, विज्ञान D आणि दुरुस्त केलेली जन्मतारीख E मध्ये आहे असं धरून:

```
=1+COUNTIFS($B$2:$B$501,">"&B2)
 +COUNTIFS($B$2:$B$501,B2,$C$2:$C$501,">"&C2)
 +COUNTIFS($B$2:$B$501,B2,$C$2:$C$501,C2,$D$2:$D$501,">"&D2)
 +COUNTIFS($B$2:$B$501,B2,$C$2:$C$501,C2,$D$2:$D$501,D2,$E$2:$E$501,"<"&E2)
```

हे सूत्र म्हणजे तुमचा नियमच आहे. माझ्यापेक्षा एकूण गुण जास्त असलेले किती. एकूण सारखे पण गणित जास्त असलेले किती. तेही सारखे पण विज्ञान जास्त असलेले किती. आणि सगळं सारखं पण माझ्याआधी जन्मलेले किती. या सगळ्यांत एक मिळवला की माझा क्रमांक. शेवटच्या ओळीत चिन्ह उलटं आहे इकडे लक्ष द्या. गुण जास्त असलेला वर, पण तारीख लहान असलेला वर. घाईत तिथेही `">"` पडतं आणि सगळ्या बरोबऱ्या लहान मुलांच्या बाजूने फुटतात.

या सूत्राचा एक फायदा असा, की तारखेची अशी गडबड ते लपवत नाही. तुमच्याच फाइलवर चालवून बघा. ११८ ची तारीख मजकूर आणि २३७ ची आकडा असल्यामुळे `COUNTIFS` त्यांची एकमेकांशी तुलनाच करत नाही. दोघांनाही एकच क्रमांक येईल आणि त्याच्या पुढचा क्रमांक यादीतून गायब असेल. वेगळ्या तारखांच्या दोन मुलांना एक क्रमांक आला, की आधी तारखा तपासायच्या.

काही ठिकाणी सगळ्या पायऱ्यांचा मिळून एकच मोठा आकडा तयार करतात, म्हणजे एकूण, मग गणित, मग विज्ञान, मग तारीख असं चिकटवून. तुमच्या नियमापुरतं ते कसंबसं चालेल. पण उद्या इंग्रजीही जोडलं, तर चार वेळा तीन अंक आणि तारखेचे पाच असे १७ अंक होतात, आणि एक्सेल १५ अंकांपुढची अचूकता देत नाही. म्हणजे नेमके तारखेचे शेवटचे अंक भरवशाचे राहत नाहीत, ज्यांच्यावर सगळा निकाल असतो. त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्याकडे सीबीएसईची मुलं असतील, किंवा एकूण गुणांऐवजी टक्के वापरत असाल, तर टक्के किती दशांशांपर्यंत हेही ठरलेलं हवं. राज्य मंडळाचं मूल ६०० पैकी ५३६ वर आहे असं धरा, ते ८९.३३ टक्के होतात. ५०० पैकी ४४७ म्हणजे ८९.४०. दशांश सोडून दिले तर दोघेही ८९ वर येतात आणि गणिताने निकाल लागतो. दोन दशांश ठेवले तर बरोबरीच नाही. म्हणजे बरोबरी आहे की नाही हे मुलांच्या गुणांनी नाही, तुमच्या पूर्णांकाने ठरलं. स्वरूप बदलून दशांश लपवले तर एक्सेल आतून पूर्ण आकडाच धरतं, आणि यादीत दोघांना ८९ दिसत असताना एक वर का हे कोणालाच सांगता येत नाही. नियमात दोन दशांश असतील तर `ROUND(...,2)` करूनच तो स्तंभ तुलनेला वापरा.

सगळंच सारखं निघालं तर? जुळी भावंडं अर्ज करतात तेव्हा तारीख तर सारखी असतेच. शिवाय आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकायची जुनी रीत होती. आता जन्मनोंदणीमुळे ती कमी झाली आहे, पण मोठ्या वयाचे उमेदवार असलेल्या यादीत १ जून अजूनही दाटीने दिसतो. कर्मचारी निवड आयोग तारखेनंतर नावाचा वर्णक्रम लावतो. आपल्याकडे त्यात एक अडचण अशी, की काही कागदांवर आडनाव आधी असतं, काहींवर नाव. त्यामुळे कोणत्या कागदावरचं नाव, कोणत्या लिपीत आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवूनच तो निकष ठेवावा. मला स्वतःला दोन्ही पालकांसमोर चिठ्ठी टाकणं जास्त सरळ वाटतं. काहीही ठेवा, पण पुस्तिकेत शेवटची पायरी अशी असू द्या की जिच्यापुढे बरोबरी उरूच शकत नाही.

तुमच्या यंदाच्या यादीसाठी आत्ता करायचं एवढंच. यादी अजून तात्पुरती असेल, तर ११८ ची हरकत मान्य करा, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून चौघांच्याही तारखा पडताळून घ्या आणि मग सगळी यादीच नव्या तारखांवर पुन्हा काढा, हे चार क्रमांक तेवढे बदलून थांबू नका. ज्या स्तंभात दोन तारखा बिघडल्या तिथे इतरही बिघडलेल्या असणार. ज्यांची बरोबरी वर किंवा खाली कुठे तारखेवर फुटली आहे त्या प्रत्येक जोडीचे दाखले बघा. प्रवर्गनिहाय याद्या या सर्वसाधारण क्रमांकावरूनच गाळून काढा, त्या वेगळ्या सॉर्ट करू नका, नाहीतर तीच दोन मुलं एका यादीत वर आणि दुसऱ्या यादीत खाली दिसतील. अंतिम यादीत बरोबरी असलेल्या नावांपुढे शेरा द्या: "गणित ९६", "विज्ञान ९५", "वयाने ज्येष्ठ". पूर्ण जन्मतारीख फलकावर लावायची गरज नाही. हरकत घेणाऱ्याला कार्यालयात दाखवता येते. २३७ च्या पालकांना मात्र यादी फलकावर लागायच्या आधी बोलावून ११ मे कुठून आली ते पडद्यावर दाखवा. आधीच्या यादीत त्यांच्या मुलाचं नाव होतं, आणि ते का गेलं हे त्यांना तुमच्याकडून कळायला हवं.